व्हॉलीबॉलच्या मैदानावर चार टेनिस कोर्ट : वरुड तालुक्यातल्या एका शाळेचं प्रकरण

वरुड तालुक्यात संत्र्याच्या पट्ट्यातलं एक गाव. जिल्हा परिषदेची शाळा, तिच्यामागे मुरमाचं व्हॉलीबॉलचं मैदान. मैदान शाळेच्या जागेत असलं तरी गावच्या पोरांनीच ते जपलं आहे. रोज संध्याकाळी पाचला वावरातून आणि कॉलेजातून आलेली पोरं तिथं जमतात, आणि त्यांची नेट वर्षभर बांधलेलीच असते. शाळेतल्या मॅडमना तिसरी ते पाचवीच्या सोळा मुलांना टेनिसची ओळख करून द्यायची होती. लोकवर्गणीतून छोट्या रॅकेट आणि लाल-पिवळे मऊ चेंडू आले होते. मी तालुक्याच्या ठिकाणी शारीरिक शिक्षण शिकवतो, म्हणून मॅडमनी बोलावलं. त्यांची अडचण एका वाक्यात होती : "सर, मुलं खूश आहेत, पण चेंडू दोनदा इकडून तिकडे गेला की खेळ संपतो."

दोन फटक्यांत संपणारी रॅली दहापर्यंत कशी गेली, गुण मोजायला लागताच ती पुन्हा दोनवर कशी आली, आणि मग काय बदलावं लागलं, ते इथे मांडतो.

आधी जागा. टेनिसचं पूर्ण कोर्ट 23.77 मीटर लांब असतं, तेवढी सपाट जागा गावात कुठेच नव्हती आणि तिची गरजही नव्हती. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2007 मध्ये नवशिक्यांसाठी जी पद्धत पुढे आणली, तिचं सूत्र सोपं आहे : पहिल्याच तासापासून मुलाने सर्व्हिस करावी, रॅली करावी आणि गुण मोजावेत. ते जमावं म्हणून कोर्ट, रॅकेट आणि चेंडू मुलाच्या मापाचे करायचे. चेंडूंचे तीन टप्पे आहेत : लाल, नारिंगी आणि हिरवा. लाल टप्प्याचं कोर्ट साधारण 11 ते 13 मीटर लांब आणि 4.3 ते 6 मीटर रुंद असतं, नेट 80 सेंटिमीटरच्या आसपास. 2012 पासून तर दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा चेंडू वापरायलाच नियमाने मनाई आहे.

व्हॉलीबॉलचं मैदान 18 बाय 9 मीटरचं. सगळ्यांना आधी सुचतं ते म्हणजे नेट सोडायची, खाली बांधायची आणि त्याच दिशेने खेळायचं. त्यात दोन तोटे आहेत. एक तर एकच कोर्ट मिळतं आणि बाकीची मुलं बसून राहतात. दुसरं, रोज पाच वाजता नेट पुन्हा ताणून 2.43 मीटरवर बांधायची कोणी, यावरून आठवड्याभरात भांडण होतं. म्हणून आम्ही नेटला हातच लावला नाही आणि खेळाची दिशा आडवी केली. मैदानाच्या लांबीने, बरोबर मधून, एक सुतळीचा दोर 80 सेंटिमीटर उंचीवर ताणला. तो व्हॉलीबॉलच्या नेटखालून जातो. नेटची खालची कड जमिनीपासून 1.43 मीटरवर असल्याने दोराला तिची अडचण होत नाही. नेटच्या प्रत्येक बाजूला 9 मीटर रुंदी मिळते, त्यात 4.3 मीटरची दोन कोर्टं बसतात. दोन्ही बाजू मिळून चार कोर्टं झाली. लांबीसाठी व्हॉलीबॉलच्या दोन्ही बाजूरेषांच्या बाहेर एक-एक मीटर घेतला की 11 मीटर पुरे होतात.

दोराला दोन टोकांना आणि मध्ये नेटखाली असे तीन बांबू, तेलाच्या डब्यात रेती भरून त्यात रोवलेले. तरी दोन बांबूंच्या मध्ये दोर लोंबतो. पहिल्या दिवशी तो मधे 65 सेंटिमीटरवर होता आणि मुलं नेमकी तिथूनच मारत होती. मग प्रत्येक दोन कोर्टांच्या सीमेवर दुबेळक्याची काठी लावली आणि 80 सेंटिमीटरची एक मोजकाठी मुलांच्याच हाती दिली. दोराला खताच्या रिकाम्या पोत्यांच्या पट्ट्या बांधल्या, विरळ. जुनं लुगडं सलग टाकून पाहिलं तर ते वाऱ्याने फुगून डब्यासकट बांबू पाडत होतं.

दोन गोष्टींवर मी अडून बसलो. व्हॉलीबॉलचे खांब बाजूरेषेपासून मीटरभर बाहेर असतात, म्हणजे आमच्या कोर्टांच्या नेमक्या मागच्या रेषेवर. चेंडूवर नजर ठेवून मागे सरकणारं मूल पाठीनेच खांबावर जाणार. म्हणून आतली कोर्टं नेटपासून 40 सेंटिमीटर दूर ठेवली आणि दोन्ही खांबांना खांद्याच्या उंचीपर्यंत बारदाना गुंडाळला. दुसरी गोष्ट रेषांची. आमच्या मागच्या रेषा फक्कीने मारल्या तेव्हा पोरं चिडली. त्यांच्यातला एक मोठा मला म्हणाला, "सर, अंधार पडला का बॉल आत का बाहेर तेच समजत नाही, अन् तुम्ही अजून पांढऱ्या लाइनी मारून राह्यले." त्याचं म्हणणं रास्त होतं. आमच्या रेषा तेव्हापासून गेरूच्या झाल्या. चार वाजता दोर लागतो, पाचला निघतो, आणि निघण्यापूर्वी मुलं मैदानावर पाणी शिंपडतात. धूळ बसते, ते व्हॉलीबॉलवाल्यांनाही हवंच असतं. या पाण्यामुळे आमची जागा टिकली, असं माझं मत आहे.

आता खेळ. मॅडमचं वाक्य ऐकून मी आधी काहीच शिकवलं नाही, मुलांना जसे खेळत होते तसे खेळू दिलं. तीन गोष्टी दिसल्या.

पहिली चेंडूची. वर्गणीतून आलेले लाल चेंडू होते, पण मुलांनी घरून क्रिकेटचे जुने टेनिस बॉलही आणले होते आणि तेच जास्त वापरात होते. जुना टेनिस बॉल टप्पा कमी घेतो म्हणून तो मऊ वाटतो. पण त्याचं वजन जवळपास तेच राहतं, 56 ते 59 ग्रॅम, आणि रॅकेटवरून तो सुसाटच सुटतो. लाल फेल्टचा चेंडू 36 ते 49 ग्रॅमचा असतो, आकाराने थोडा मोठा आणि आतून नरम. साधारण अडीच मीटरवरून टणक फरशीवर सोडला तर तो 90 ते 105 सेंटिमीटर उसळतो, पिवळा 135 ते 147. नऊ वर्षांच्या मुलाची उंची जेमतेम 130 सेंटिमीटर असते, त्याला पिवळा चेंडू डोक्याच्या वर जातो आणि लाल छातीशी येतो. आमच्याकडे तपासायला आयती सोय होती. व्हॉलीबॉलच्या नेटची वरची पट्टी जवळपास त्याच उंचीवर असते. तिथून लाल चेंडू मुरमावर सोडला की तो मुलाच्या गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली येत होता. मुरूम थोडी उसळी खातो, पण हे चालण्यासारखं होतं. मैदानाच्या एका कोपऱ्यात मुरूम निघून खालची काळी माती वर आली होती, तिथे चेंडू नुसता बसायचा. तिथं मुरूम टाकून धुम्मस केली. लाल टप्प्यात फोमचे चेंडूही मिळतात. व्हरांड्यात ते फार छान, पण उघड्या मैदानावर वारा त्यांना वाहून नेतो आणि मुरमाने त्यांचे तुकडे पडतात. क्रिकेटचे बॉल दप्तरात गेले.

दुसरी गोष्ट रॅकेटची. छोट्या रॅकेट 21 आणि 23 इंची होत्या, पण उंच मुलाला मोठी आणि दांडगाई करणाऱ्यालाही मोठी, अशी वाटणी झाली होती. माप सोपं आहे : मुलाने ताठ उभं राहून हात खाली सोडावा, रॅकेटचं टोक जमिनीला जेमतेम टेकावं किंवा थोडं वर राहावं. टोक जमिनीवर घासत असेल तर ती रॅकेट त्याची नाही. मोठी रॅकेट मूल दोन्ही हातांनी दांड्याच्या मधोमध धरतं, यावरूनही ओळखता येतं.

तिसरी गोष्ट खरी होती. मुलं क्रिकेट खेळत होती. पाय रोवून उभं राहायचं, चेंडू येईपर्यंत रॅकेट मागे धरायची आणि टप्पा पडायच्या आतच घुमवायची. त्यातून चेंडू बाहेर गेला की त्यांना सिक्सर मारल्यासारखं वाटायचं. "जोरात मारू नको" असं सांगून हे सुटत नाही, कारण जोरात मारण्यातच त्यांना आजवर शाबासकी मिळालेली आहे. मोजण्याची गोष्ट बदलावी लागते.

म्हणून पहिला खेळ जोडीचा ठेवला. समोरासमोर दोघं, आणि दोघं मिळून एकच आकडा. चेंडू हातातून सोडायचा, एक टप्पा पडू द्यायचा आणि खालून दोरावरून पलीकडे टाकायचा. समोरच्यानेही टप्पा पडू द्यायचा. टप्पा पडताना दोघांनी मोठ्याने "टप्पा" म्हणायचं आणि मारताना "मार". चारही कोर्टांवरून हा गलका सुरू झाला की कान लावूनच कळतं कुणाचं चुकतंय. ज्याचा "मार" "टप्प्या"ला चिकटून येतो तो चेंडूच्या फार जवळ उभा आहे, त्याला दोन पावलं मागे न्यायचं. ज्याचा "मार" उशिरा येतो त्याच्याकडे चेंडू दुसऱ्यांदा पडायला निघालेला असतो, त्याचे पाय हलत नाहीत. हातातली रॅकेट कशी धरली आहे हे मी या वेळेपर्यंत पाहतच नाही. आधी अंतर, मग हात.

प्रत्येक कोर्टावर चार मुलं होती. दोघं खेळणार, दोघं त्यांच्या मागे उभं राहून मोजणार आणि चेंडू गोळा करणार. तीन मिनिटांनी अदलाबदल. पूर्वेला मैदानाचा उतार नालीकडे आहे, मागे कुणी उभं नसतं तर निम्मा तास नालीतून चेंडू काढण्यात गेला असता. मोजणाऱ्याला जमिनीवर काडीने आकडा लिहायला लावला. आकडा जमिनीवर असला की वाद होत नाही, आणि तास संपल्यावर मॅडमना चार कोर्टांचे आकडे वहीत उतरवता येतात.

त्या वहीमुळेच एक गोष्ट सापडली. रॅली तुटते ती बहुतेक वेळा पूर्वेकडच्या मुलाकडून, मूल कुठलंही असो. मैदान दक्षिणोत्तर आहे, आणि आम्ही आडवं खेळत असल्याने पूर्वेला उभं असलेलं मूल पश्चिमेकडे तोंड करून असतं. हिवाळ्यात साडेचारनंतर सूर्य थेट त्याच्या डोळ्यांत. मैदानाची दिशा बदलता येणार नव्हती, म्हणून बाजू बदलणं वाढवलं. टेनिसच्या टायब्रेकमध्ये दर सहा गुणांनी बाजू बदलतात, आम्ही दर चार गुणांनी बदलायला लावली. शिवाय दोरावरून चेंडू डोक्याइतका उंच टाकायची मुलांची सवय थोडी खाली आणली, कारण उंच चेंडूच उन्हात हरवतो. शाळा सकाळची झाली की हीच अडचण उलट बाजूला येते.

काही आठवड्यांत बहुतेक जोड्या दहाच्या पुढे गेल्या. मग मॅडमनी विचारलं, "आता मॅच लावू या का?" मुलांनाही तेच हवं होतं. लावली. पहिल्याने सात गुण करायचे, दोनच्या फरकाने. आणि पहिल्याच दिवशी रॅली पुन्हा दोन फटक्यांवर आली. ज्या मुलाचा आदल्या दिवशी जोडीने चौदाचा आकडा होता, त्याने खालून करायची सर्व्हिस सपाट आणि जोराची केली. समोरच्या तिसरीतल्या मुलीकडून ती परतली नाही, आणि तो सात-शून्य जिंकला. ती माझ्याकडे आली. "सर, त्यानं एकबी बॉल खेळू नाई दिला." हे अगदी खरं होतं. त्या सामन्यात ती टेनिस खेळलीच नव्हती.

इथे बरेच शिक्षक गुण बंद करून पुन्हा सरावाकडे जातात. मला ते पटत नाही. मुलांना गुण हवे आहेत, आणि गुणांशिवाय त्यांना चेंडू कुठे टाकायचा याचा विचार करायचं कारणही राहत नाही. गुण मिळण्याची अटच बदलली तर मूल आपोआप वेगळं खेळतं. म्हणून पहिले तीन चेंडू सलोख्याचे ठेवले. चेंडू तीनदा दोर ओलांडेपर्यंत गुण नाही. त्याआधी तुटला तर पुन्हा सुरुवात. चौथ्यापासून लढत.

हा नियम दोन दिवस चांगला चालला. मग त्याच मुलाने वाट शोधली : तीन चेंडू गोड टाकायचे आणि चौथा पूर्ण ताकदीने. रॅली आता चारवर अडकली. तेव्हा दुसरी अट घातली. सहा फटक्यांच्या आत संपलेल्या रॅलीचा एक गुण, त्यापुढे गेलेल्या रॅलीचे दोन. मोजणारी मुलं मागे उभी होतीच, ती मोठ्याने मोजायची आणि सहा झाले की ओरडायची, "डबल!" त्या मुलाचा चौथा फटका चारांतून तीनदा बाहेर जात होता, हे त्याच्या मोजणाऱ्याने काडीच्या रेघांनी त्याला दाखवलं. मी काही बोललो नाही.

त्याच आठवड्यातला एक गुण सांगतो. तो आणि तीच तिसरीतली मुलगी. तीन चेंडू झाले, चौथा त्याने मारला नाही, तिच्या डाव्या हाताला टाकला. ती दोन पावलं सरकली आणि दोन्ही हातांनी परत केला, उंच. पाच. त्याने उजवीकडे टाकला, ती पोचली. सहा, आणि मागून दोघं ओरडले. आता तो पुढे धावून आला आणि चेंडू हवेतच मारायला गेला, पण तिने तो त्याच्या डोक्यावरून मागे टाकला होता. तो गेरूच्या रेषेच्या आत पडला. तिचे दोन गुण. मोकळी जागा पाहून मारणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. सहाच्या पुढे गेलेल्या रॅलीत समोरच्याला हलवावं लागतं, आणि तो हलला की त्याच्यामागे जागा उघडी पडते, हे तिला खेळताना दिसलं.

त्यानंतरच मी हाताकडे वळलो, कारण आता मुलं स्वतः विचारू लागली होती. दोराजवळ पडलेल्या चेंडूवर समोरचा चढून येतो, म्हणून खोल टाकायला हवा. व्हॉलीबॉलची बाजूरेषा आणि आमची गेरूची रेषा यांच्यामधला एक मीटरचा पट्टा त्यासाठी आयताच होता. त्या पट्ट्यात टप्पा पडला की ज्याने टाकला त्याला लगेच एक जादा गुण, पुढे रॅली कुणीही जिंको. खोल टाकायचं तर रॅकेट खालून वर आणि समोर न्यावी लागते, नुसती आडवी घुमवून चालत नाही. क्रिकेटचा आडवा फटका इथे बराचसा सुटला. पूर्ण सुटला असं मी म्हणणार नाही. दोन मुलांचा अजूनही तोच आहे.

डोक्यावरून सर्व्हिस सर्वांत शेवटी घेतली. चेंडू आधी नुसता हाताने, भिरकावल्यासारखा, दोरापलीकडे फेकायचा. कवठ पाडायला दगड मारणाऱ्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. मग तीच फेक रॅकेटने, दांडा अर्ध्यावर धरून. सर्व्हिस दोनदा करायची मुभा : पहिली वरून, चुकली तर दुसरी खालून. 15, 30, 40 ची गणतीही याच वेळी आणली. आधी आणली असती तर मुलांचं लक्ष आकड्यांतच गेलं असतं.

सामन्यांसाठी चार कोर्टांना चढ-उतार लावला. पाच मिनिटं झाली की जिंकलेला एक कोर्ट वर, हरलेला एक कोर्ट खाली. हा प्रकार जगभर चालतो, पण त्यात एक खोट आहे. तिसऱ्या फेरीनंतर वरच्या कोर्टावर तीच दोघं आणि खालच्यावर तीच दोघं. खालची मुलं आठवड्याने येईनाशी होतात, आणि ते हजेरीत दिसतं. आम्ही वरच्या कोर्टावर सलग दुसऱ्यांदा टिकणाऱ्याला शून्याऐवजी उणे दोनपासून सुरू करायला लावलं. तिसऱ्यांदा टिकला तर उणे चार. सतत जिंकणाऱ्याला हे आवडलं, त्याला ते बक्षीसच वाटलं.

आता पुढचा प्रश्न नारिंगी टप्प्याचा आहे. तिथे कोर्ट साधारण 18 मीटर लांब असतं, म्हणजे व्हॉलीबॉलच्या मैदानाएवढंच. रुंदीतून थोडं कमी करावं लागतं, चेंडू लालपेक्षा जास्त उसळतो, रॅकेट 23 ते 25 इंची. पण त्या दिशेने खेळायचं तर नेट वर ठेवून भागत नाही, उंच गेलेला प्रत्येक चेंडू तिच्यात अडकतो. नेटच खाली आणावी लागते. नेट मीटरभर रुंद असल्याने खालचा थोडा भाग दुमडून बांधला की ती 80 ते 90 सेंटिमीटरवर बसते. आणि मग सोळा मुलांत एकाच वेळी चौघं खेळू शकतात.

कुणाला न्यायचं हे आम्ही वयावरून ठरवलं नाही. मागच्या रेषेजवळून दहाची रॅली सांगून करता येते का, समोरच्याला डावीकडे आणि उजवीकडे ठरवून टाकता येतं का, आणि वरून केलेली सर्व्हिस निम्म्याहून जास्त वेळा आत पडते का, हे तीन पाहिले. पाच मुलं बसली, त्यात ती तिसरीतली मुलगी आहे आणि सात-शून्य जिंकणारा मुलगा नाही. त्याची सर्व्हिस अजून बाहेर जाते.

या पाचांसाठी व्हॉलीबॉलच्या पोरांनी रविवारची सकाळ दिली आहे, कारण रविवारी ते नेट नव्याने ताणतातच. नेट सोडणं-बांधणं त्यांचं, गेरूच्या रेषा आणि पाणी आमचं. उरलेली अकरा मुलं आठवडाभर लाल चेंडूवरच आहेत, आणि नारिंगीची पाचही त्यांच्यासोबत तिथेच खेळतात, उणे दोनपासून. लाल चेंडूंचं फेल्ट मुरमाने झिजू लागलं आहे. झिजलेला चेंडू हलका होतो आणि लांब जातो, म्हणून नेटच्या पट्टीवरून सोडण्याची चाचणी मॅडम आता महिन्यातून एकदा घेतात आणि जास्त उसळणारे किंवा अजिबात न उसळणारे चेंडू पहिली-दुसरीच्या मुलांना हाताने झेलायला देतात. पावसाळ्यात मैदान मिळणार नाही. तेव्हा फोमचे चेंडू, व्हरांडा आणि दोन बाकांमध्ये बांधलेला दोर, एवढ्यावर जूनअखेर शाळा उघडल्यापासून दसऱ्यापर्यंत काढायचं ठरलं आहे. मैदानावर परतायच्या आधी मुरमाची एक ट्रॉली आणि रोलर लागेल, त्याचे पैसे दोघांनी निम्मे-निम्मे द्यायचे.